वीजबिल अचानक चौपट का झालं: तीन महिन्यांचे युनिट, टप्पे आणि ‘समायोजित रक्कम’

प्रश्न: “आम्ही चाळीसगावला राहतो. घर सिंगल फेज. मागची दोन बिलं प्रत्येकी साडेनऊशे-हजाराची होती, ती वेळेवर भरली. जुलै 2024 चं बिल एकदम 3,900 च्या आसपास आलंय आणि त्यावर 540 युनिट दिसतात. एसी नाही, फक्त कूलर आहे. 500 च्या वर गेलो म्हणून सगळ्याच युनिटला सगळ्यात महाग दर लावला का? स्थिर आकार, वहन आकार हे काय असतं? आणि ‘समायोजित रक्कम’ उणे दाखवली आहे, तरी बिल एवढं कसं? दोघंही नोकरीला असतो, मीटर ग्रिलच्या आत आहे.”

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. मीटर ग्रिलच्या आत आणि दिवसभर घराला कुलूप. मागची दोन्ही बिलं काढून बघा. ‘चालू रीडिंग’च्या जागी आकड्याऐवजी लॉक्ड किंवा आरएनए, म्हणजे रीडिंग मिळालं नाही, असा शेरा असणार, आणि दोन्ही बिलांवर युनिट जवळजवळ सारखे असतील, 110 किंवा त्याच्या आसपास. म्हणजे ती दोन्ही बिलं सरासरीची होती. या वेळी रीडिंग घेणाऱ्याला घर उघडं सापडलं, खरा आकडा मिळाला आणि तीन महिन्यांचे युनिट एकाच बिलात आले. तेव्हा 540 युनिट तुम्ही एका महिन्यात जाळलेले नाहीत. प्रश्न एवढाच उरतो की त्या 540 युनिटची विभागणी बरोबर झाली आहे का.

मी 26 वर्षं वीजबिलिंगचं काम केलं आणि निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या लोकांची बिलं तपासून देतो. दर उन्हाळ्यानंतर अशी बिलं घेऊन लोक येतात. त्यांतली बरीचशी बरोबर निघतात, काही मात्र खरोखर चुकलेली असतात, आणि फरक हजारो रुपयांचा असतो. म्हणून हिशेब एकदा पूर्ण मांडूनच बघू. मी धरतोय की तुमचा कालावधी 2 एप्रिल ते 2 जुलै असा आहे. तुमच्या तारखा वेगळ्या असतील तर आकडे थोडे हलतील, पद्धत तीच.

आधी टप्प्यांचा गैरसमज दूर करू, कारण सगळी भीती तिथून येते. महावितरणच्या घरगुती दरात चार टप्पे आहेत: पहिले 100 युनिट, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि 500 च्या पुढचे. वीज नियामक आयोगाने 1 एप्रिल 2024 पासून लागू केलेले दर या टप्प्यांना अनुक्रमे 4.71, 10.29, 14.55 आणि 16.64 रुपये होते, आणि तुमच्या जुलै 2024 च्या बिलाला तेच लागतात. 101 वं युनिट जळलं म्हणून आधीच्या शंभरांचा दर बदलत नाही. पहिले शंभर 4.71 नेच राहतात, फक्त पुढच्या युनिटांना पुढचा दर लागतो. केरळमध्ये मात्र महिन्याला 250 युनिटांच्या पुढे गेलं की सगळ्या युनिटांना एकच वरचा दर लागतो. नातेवाईक तिकडे असले की त्यांच्याकडून ऐकलेली गोष्ट आपल्याकडेही खरी मानली जाते. आपल्याकडे तसं नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना दर दुपटीहून जास्त होतो. 2024 च्या या दरांवर वहन आकार आणि वीज शुल्क धरलं तर पहिल्या शंभरातलं प्रत्येक युनिट साधारण 6 रुपये 80 पैशांना पडतं, आणि 101 वं युनिट सव्वातेरा रुपयांना. तुमचा कूलर जी वीज ओढतो ती बहुतेक या दुसऱ्या टप्प्यातली असते, कारण पंखे, फ्रिज, दिवे यांनी पहिले शंभर आधीच खाल्लेले असतात. म्हणून उन्हाळ्यात युनिट थोडे वाढले तरी रुपये जास्त वाढल्यासारखे वाटतात, आणि ते वाटणं खरंच आहे.

हे टप्पे महिन्याचे आहेत. तुमच्या बिलाचा सगळा न्याय या एका गोष्टीवर उभा आहे. तीन महिन्यांचं रीडिंग एकत्र आलं तर टप्पेही तिप्पट व्हायला हवेत. पहिला टप्पा 300 युनिटांचा, दुसरा त्यापुढच्या 600 चा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये हेच झालं होतं. मार्चअखेर रीडिंग बंद झालं, एप्रिल-मे महिन्यांची बिलं थंडीतल्या कमी वापराच्या सरासरीने गेली, आणि जूनमध्ये खरं रीडिंग आल्यावर राज्यभर ओरड झाली. तेव्हाही युनिट महिन्यांवर वाटून टप्प्यांचा फायदा दिलेला होता. पण ते बिलावर चटकन कळत नव्हतं, म्हणून लोकांना ती लूट वाटली.

आता तुमचा हिशेब. मागच्या दोन बिलांत सरासरी 110 युनिट धरले असावेत. ही सरासरी मागच्या महिन्यांच्या वापरावरून येते, आणि तुमचे मागचे महिने थंडीचे होते. 110 युनिटचा वीज आकार होतो 573 रुपये 90 पैसे. वहन आकार युनिटला 1 रुपया 17 पैसे, म्हणजे 128.70. स्थिर आकार 128. बेरीज 830.60, त्यावर 16 टक्के वीज शुल्क 132.90, एकूण 963.50. तुम्ही सांगितलेल्या साडेनऊशे-हजारात हे बसतं.

आता जुलैचं बिल. 540 युनिट भागिले तीन महिने, म्हणजे महिन्याला 180. त्यातले पहिल्या टप्प्यात तीन महिन्यांचे मिळून 300 आणि उरलेले 240 दुसऱ्या टप्प्यात. 300 गुणिले 4.71 म्हणजे 1,413. 240 गुणिले 10.29 म्हणजे 2,469.60. वीज आकार झाला 3,882.60. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात एकही युनिट जात नाही. वहन आकार 540 युनिटवर 631.80. स्थिर आकार मात्र या एकाच महिन्याचा, 128, कारण आधीच्या दोन महिन्यांचा तुम्ही त्या त्या बिलात भरलेला आहे. बेरीज 4,642.40, त्यावर 16 टक्के शुल्क 742.78. एकूण 5,385.18.

यातून ती उणे रक्कम वजा होते. तुम्ही दोन सरासरी बिलांत वीज आकार आणि वहन आकारापोटी जे दिलं ते परत मिळायला हवं, कारण तेच युनिट आता 540 मध्ये पुन्हा मोजले गेले आहेत. एका बिलाचे 702.60, दोन्हींचे 1,405.20, आणि त्यावर घेतलेलं शुल्क 224.83. मिळून 1,630.03. कार्यालयातली मंडळी याला ‘लॉक क्रेडिट’ म्हणतात, आणि ते बिलावर ‘समायोजित रक्कम’ म्हणून उणे चिन्हासह येतं. 5,385.18 मधून ते गेले की उरतात 3,755.15. तुमचं बिल 3,900 च्या आसपास आहे. मधला फरक इंधन समायोजन आकाराचा असायला हवा. तो आकडा तुम्ही लिहिलेला नाही म्हणून मी हिशेबात धरला नाही.

उलट तपासणी अशी करा. तिन्ही महिने रीडिंग वेळच्या वेळी झालं असतं आणि दर महिन्याला 180 युनिट आले असते, तर प्रत्येक बिल 1,894.05 चं आलं असतं. तीन महिन्यांचे 5,682.15. त्यातून तुम्ही भरलेले 963.50 चे दोन हप्ते, म्हणजे 1,927, वजा केले की उरतात बरोबर 3,755.15. म्हणजे तुम्ही जास्त काही देत नाही. आधीच्या दोन महिन्यांत जे कमी दिलं होतं, ते आता एकदम आलं आहे.

आता चुकलेलं बिल कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे तुमचं तसं आहे का हे तुम्हालाच कळेल. टप्पे तिप्पट न करता 540 युनिट एकाच महिन्याचे धरले, तर पहिले 100, मग 200, मग 200 आणि शेवटचे 40 चौथ्या टप्प्यात जातात. वीज आकार 3,882.60 ऐवजी 6,104.60 होतो. शुल्कासह फरक पडतो 2,577.52 रुपयांचा. तेव्हा बिलावरच्या बाकी ओळी सोडा, आधी फक्त ‘वीज आकार’ची ओळ बघा. तिथे 3,900 च्या आत आकडा असेल तर टप्पे बरोबर लागले. सहा हजारांच्या घरात असेल तर चूक आहे, आणि ती दुरुस्त होते. तुमच्या एकूण रकमेवरून मला पहिलंच वाटतं.

काही जण म्हणतात, “आम्ही एप्रिलमध्ये गावाला होतो, मग समान तीन भाग का?” समान भाग झाले की ग्राहकाचा तोटा होत नाही, उलट फायदा होतो. समजा तुम्ही एप्रिलमध्ये 60 युनिट वापरले आणि पुढच्या दोन महिन्यांत 240-240. खऱ्या महिन्यांप्रमाणे बिल झालं असतं तर एप्रिलच्या स्वस्त टप्प्यातले 40 युनिट वाया गेले असते. समान वाटणीत ते वापरले जातात, आणि तुमचे सुमारे 259 रुपये वाचतात. या मुद्द्यावर भांडायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट मात्र जरूर तपासा, ती म्हणजे रीडिंगच चुकीचं नाही ना. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो. तो भिंगातून पाहावा लागला तरी पाहा. एका ओळखीच्या आजींच्या बिलात रीडिंग घेणाऱ्या एजन्सीच्या माणसाने मीटरचा दशांश बिंदू सोडून दिला होता. मीटरवर होतं 04512.6 आणि बिलात आलं 45126. फोटोवर ऊन पडल्यामुळे बिंदू दिसतच नव्हता. पण मीटरसमोर उभं राहिलो तर दहा सेकंदांत कळलं.

तुम्हीही तेच करा. डिस्प्लेवर आकडे आलटूनपालटून येतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, मागणी. ज्या आकड्याशेजारी kWh लिहिलेलं असतं तोच घ्या. सकाळी एकदा लिहा आणि चार दिवसांनी त्याच वेळेला परत लिहा. आजचं रीडिंग बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा जास्तच असायला हवं. कमी असेल तर बिल चुकलेलं आहे, दुसऱ्या पुराव्याची गरजच नाही. जास्त असेल तर चार दिवसांचा फरक चाराने भागा. 540 युनिट 91 दिवसांत म्हणजे दिवसाला सहाच्या जवळपास. पावसाळ्यात कूलर बंद असल्याने आता तीन-चार येतील, ते ठीक. पण कूलर बंद असताना दिवसाला आठ-दहा युनिट सरकत असतील तर मेन स्विच चालू ठेवून घरातली सगळी उपकरणं बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज गळते आहे किंवा तुमच्या वायरवर दुसरं काही जोडलेलं आहे. दिवा थांबला आणि तरीही आकडा पटत नसेल, तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. त्याचं शुल्क लागतं, म्हणून आधी ही घरगुती चाचणी करा.

आता उरलेल्या ओळी. स्थिर आकार हा वापराशी बांधलेला नाही. तुमच्या दारापर्यंत तार, डीपी, माणसं आणि वीजकेंद्रांशी केलेले करार तयार ठेवण्याचा तो खर्च आहे. म्हणून घर महिनाभर बंद राहिलं, एकही युनिट जळलं नाही, तरी तो येणारच, 2024 च्या दराने 128 आणि त्यावरचं शुल्क मिळून 148.48 रुपये. थ्री फेजला तो तिपटीहून जास्त असतो, आणि गरज नसताना थ्री फेज घेतलेल्या घरांना मी जोडणी बदलून घ्यायला सांगतो. तुमचं सिंगल फेज आहे, तिथे काही करण्यासारखं नाही. वहन आकार म्हणजे वीज तारांवरून तुमच्यापर्यंत आणण्याचं भाडं. तो सगळ्या टप्प्यांना सारखाच असतो. म्हणून कोणी ‘युनिटचा दर 4.71’ म्हणालं तरी हातात पडणारा दर त्याहून जास्त असतो.

इंधन समायोजन आकार लोकांना सगळ्यात संशयास्पद वाटतो, कारण तो दर महिन्याला बदलतो. आयोग वर्षाचे दर ठरवतो तेव्हा वीजखरेदीचा एक खर्च गृहीत धरतो. कोळसा महागला, पाणी कमी झाल्याने जलविद्युत घटली, बाजारातून महाग वीज घ्यावी लागली, की प्रत्यक्ष खर्च वेगळा निघतो. तो फरक पुढच्या काही महिन्यांत युनिटमागे पैशांत वसूल होतो, आणि टप्प्यागणिक तो वेगळा असतो. खर्च कमी निघाला तर हा आकार उणेही येऊ शकतो. तुमच्या बिलात तीन महिन्यांचे युनिट आहेत, त्यामुळे ही ओळही नेहमीपेक्षा फुगलेली दिसेल. हे लक्षात ठेवलंत की घाबरायचं कारण नाही.

वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. तो स्थिर आकारासकट वरच्या सगळ्या बेरजेवर लागतो, एकट्या युनिटच्या रकमेवर नाही. बरेच जण वीज आकाराचेच 16 टक्के काढतात आणि बिल चुकलं म्हणतात.

सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं असेल तर ते या हिशेबात मिसळू नका. ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेवायची असते. वापर वाढला की फरकाची मागणी येते. तो खर्च नव्हे. ठेव तुमच्याच नावावर राहते, आणि तिचं व्याज वर्षातून एकदा बिलातून वजा होऊन मिळतं. ते व्याजही उणे रक्कम म्हणूनच दिसतं, म्हणून बिलावरची प्रत्येक उणे रक्कम लॉक क्रेडिटच असेल असं धरू नका. तुमच्या 1,630 च्या आसपास आकडा नसेल तर त्यात काय काय मिसळलं आहे ते विचारायला हवं.

विचारायचं कुठे? उपविभाग कार्यालयात जा आणि तुमच्या ग्राहक क्रमांकाचं ‘सीपीएल’ मागा. हा तुमच्या खात्याचा महिनावार उतारा आहे. कोणत्या महिन्यात रीडिंग काय, शेरा काय, युनिट किती, जमा काय, हे सगळं एका कागदावर येतं. काउंटरवर तोंडी वाद घालण्यात दिवस जातो, पण सीपीएल हातात असला की पाच मिनिटांत बोलणं होतं. चूक सापडली तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तो शिक्का नसलेला अर्ज मी दिलाच नाही असं समजतो.

वाद चालू असताना बिल अजिबात न भरण्याची चूक करू नका. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत त्या कारणासाठी वीज तोडता येत नाही. पावतीसोबत तसं पत्र द्या. कार्यालयाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल. पण तुमच्या आकड्यांवरून मला वाटतं, तुम्हाला तिथवर जावं लागणार नाही. एकदम 3,900 भरणं जड जात असेल तर त्याच अर्जात हप्ते मागा. हप्ते मिळतील की नाही हे त्या कार्यालयावर अवलंबून आहे, पण सरासरीचं बिल साचून आलेल्या ग्राहकाला मी हप्ते मिळालेले पाहिले आहेत.

शेवटी मूळ कारण, म्हणजे ते ग्रिल. ते तसंच राहिलं तर पुढच्या एप्रिलमध्ये हेच होईल. मीटर ग्रिलच्या बाहेर, भिंतीवर हलवून घ्यायचा अर्ज करा. तो स्वतः हलवू नका, सील तुटलं तर नसती भानगड मागे लागते. तोपर्यंत बिलावर लॉक्ड दिसलं की गप्प बसू नका. महावितरणच्या मोबाइल अ‍ॅपवर ठरलेल्या मुदतीत स्वतःचं रीडिंग फोटोसह पाठवता येतं. रीडिंगची तारीख तुमच्या बिलावरून कळते, ती साधारण दर महिन्याला त्याच सुमारास असते. त्या दिवशी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली तरी काम होतं.

अजून शंका राहिली तर बिलावरच्या पाच ओळी इथे लिहा: मागील रीडिंग, चालू रीडिंग, वीज आकार, इंधन समायोजन आकार आणि समायोजित रक्कम. ग्राहक क्रमांक आणि नाव लिहू नका. मी मांडून देतो.